गाळ्याचे भाडे आणि ईमेलवरची बोलणी

महाराष्ट्रातल्या शहरांत आज दुकानाचा गाळा किंवा छोटे ऑफिस भाड्याने घ्यायचे म्हटले, की बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार होतो. मुदत अकरा महिने, तीन वर्षे, फार तर पाच वर्षे. जुन्या पागडीच्या दुकानांची गोष्ट वेगळी. त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्यांची वार्षिक भाडेवाढही चार टक्क्यांवर बांधलेली आहे. लायसन्सवरच्या गाळ्याला असे कवच नाही. ती जागा वापरण्याची मालकाने दिलेली परवानगी असते आणि मुदत संपली की परवानगीही संपते.

बहुतेक करारांत शेवटी कुठेतरी एक वाक्य असते: ‘मुदत संपल्यावर उभयतांच्या संमतीने करार वाढवता येईल.’ दुकानदाराला या वाक्याचा मोठा आधार वाटतो, पण त्याने काहीच मिळत नाही. दोघांची संमती असेल तर करार कधीही करता येतो, त्यासाठी असे कलम लागत नाही. खरा हक्क देणारे कलम निराळे असते. लायसन्सदाराने अमुक दिवस आधी लेखी कळवले तर अमुक टक्के वाढीने अमुक वर्षांसाठी मालक करार वाढवून देईल, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. म्हणून पहिला ईमेल लिहिण्याआधी जुना करार काढून तीन गोष्टी पाहाव्या लागतात: मुदतीची नेमकी तारीख, वाढीचे कलम यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे आणि नोटिशीच्या कलमात ईमेलचा उल्लेख आहे का. नोटीस रजिस्टर्ड पोस्टानेच द्यायची असे करारात असेल, तर बोलणी ईमेलवर चालली तरी वाढीची मागणी किंवा जागा सोडण्याची सूचना पोस्टानेही पाठवावी लागते.

छोट्या गाळ्याची बोलणी एरवी तोंडी होतात. मालक शेजारच्याच इमारतीत राहतो, दुकानदार त्याला काका म्हणतो, चहा घेता घेता ‘बघू, करू काहीतरी’ इथवर गोष्ट येते आणि थांबते. मार्च उजाडतो तेव्हा दोघांच्या लक्षात राहिलेले आकडे वेगळे असतात. ईमेलचा उपयोग नेमका इथे आहे. त्याने चहा बंद करायचा नाही, चहावर जे ठरले ते त्याच दिवशी लिहून काढायचे. ‘काका, आज बोलल्याप्रमाणे मला समजले ते असे’ या शब्दांनी सुरू होणारा चार ओळींचा मेल लांबलचक प्रस्तावापेक्षा जास्त कामाचा ठरतो. मालक मेल न पाहणाऱ्यांपैकी असेल, तर मेल गेल्याचे व्हॉट्सअॅपवर कळवावे. बोलणीच व्हॉट्सअॅपवर चालवली तर मात्र शुभेच्छांच्या आणि फोटोंच्या गर्दीत दोन महिन्यांनी काहीच सापडत नाही.

मेल कोणाला पाठवायचा हाही प्रश्नच असतो. अनेक गाळे वडिलांच्या नावावरून दोन-तीन भावंडांच्या नावावर आलेले असतात. भाडे घेणारा एक आणि सही करणारे तिघे, अशी स्थिती असते. करारावर ज्यांच्या सह्या लागणार त्या सर्वांना पहिल्या मेलपासून प्रत गेली पाहिजे. नाहीतर दोन महिने एकाशी घासाघीस करून ठरवलेला आकडा ‘दादाला मान्य नाही’ एवढ्या एका वाक्याने पुसला जातो.

सुरुवात मुदत संपण्याच्या साधारण चार महिने आधी व्हावी. त्याआधी मालक मनावर घेत नाही. दोन महिन्यांहून कमी उरले, तर दुसरा गाळा शोधून, फर्निचर करून वेळेत हलणे शक्य नाही हे मालकालाही दिसते आणि दुकानदाराच्या हातात काही उरत नाही.

पुढचे सगळे एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणावर पाहता येईल. पुण्याच्या उपनगरातला २२० चौरस फूट कार्पेटचा गाळा, त्यात स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान. करार तीन वर्षांचा, ३१ मार्चला संपणारा. पहिल्या वर्षी भाडे २२,००० रुपये होते. दरवर्षी पाच टक्के वाढून ते दुसऱ्या वर्षी २३,१०० आणि तिसऱ्या वर्षी २४,२५५ झाले. डिपॉझिट एक लाख. डिसेंबरमध्ये मालकाचा मेल येतो: नव्या कराराला भाडे ३२,०००, दरवर्षी दहा टक्के वाढ आणि डिपॉझिट दोन लाख.

या मेलला त्याच दिवशी ‘फारच जास्त होते’ असे उत्तर देणे ही नेहमीची चूक. आधी मागणीचा पूर्ण हिशेब मांडावा लागतो. पहिल्या वर्षी ३२,०००, दुसऱ्या वर्षी ३५,२००, तिसऱ्या वर्षी ३८,७२०. तीन वर्षांचे एकूण भाडे १२,७१,०४० रुपये होते. डिपॉझिटमध्ये वाढवलेला एक लाखही फुकट नसतो. तो बँकेत सात टक्क्यांनी राहिला असता असे धरले, तर वर्षाला सात हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ५८३ रुपये भाड्यातच आणखी वाढले. तेच पैसे कर्जाऊ काढावे लागले तर बोजा याहून मोठा.

वाढीचा टक्का हा बोलण्यांतला सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. सुरुवातीचे भाडे खाली आणण्यात सगळी ताकद जाते आणि टक्का ‘रिवाजाप्रमाणे’ मान्य होतो. समजा मालक म्हणाला, २७,००० ने सुरू करू, पण वाढ दहा टक्के. दुसरा पर्याय २८,५०० आणि पाच टक्के. पहिला पर्याय महिन्याला दीड हजाराने स्वस्त दिसतो. तीन वर्षांची बेरीज पाहिली तर पहिल्यात १०,७२,४४० रुपये जातात आणि दुसऱ्यात सुमारे १०,७८,१५५. म्हणजे तीन वर्षांत फरक जेमतेम पावणेसहा हजारांचा. पण पहिल्यात शेवटच्या वर्षाचे भाडे ३२,६७० असते आणि दुसऱ्यात ३१,४२१. पुढच्या नूतनीकरणाची बोलणी या शेवटच्या आकड्यापासून सुरू होतात. त्या गाळ्यात दहा वर्षे बसायचे असेल, तर वरवर महाग दिसणारा दुसरा पर्यायच घ्यावा.

मग बाजारभाव. इथे गोंधळ बहुतेक वेळा फुटांचा असतो. एजंट दर सांगतो तो बिल्टअपचा आणि दुकानदार वापरतो ती जागा कार्पेटची. २२० फूट कार्पेटचा हा गाळा कागदावर ३०० फूट बिल्टअप धरला आहे असे समजू. बिल्टअपला ९५ रुपये दर म्हटला तर भाडे २८,५०० होते आणि कार्पेटच्या हिशेबाने तोच दर १३० रुपयांच्या आसपास जातो. मालकाने मागितलेले ३२,००० म्हणजे कार्पेटला सुमारे १४५ रुपये. दुकानदाराने त्याच रस्त्यावर अलीकडे भाड्याने गेलेल्या तीन-चार गाळ्यांचे दर, सगळे कार्पेटवर आणून, मेलमध्ये द्यायला हवेत. रस्त्याला तोंड असलेला गाळा आणि आतला गाळा यांची तुलना चालत नाही. गाळ्याला मागच्या बाजूला पाणी आणि शौचालय आहे की नाही, यानेही दर बदलतो. पाटीवर लिहिलेले भाडे पुराव्याला घेऊ नये, कारण ती मागणी असते. व्यवहार कितीला झाला ते शेजारी दुकानदाराकडूनच कळते.

हे दर इतके महत्त्वाचे का, ते मालकाच्या बाजूने हिशेब केला की दिसते. जुना दुकानदार गेला तर गाळा काही दिवस रिकामा राहणार आणि नव्याला आणायला एजंटला एक महिन्याचे भाडे द्यावे लागणार. तीन महिने रिकामे आणि एक महिन्याची दलाली धरली, तर ३२,००० च्या भावाने १,२८,००० रुपये गेले. तेवढे वजा करूनही मालकाच्या हाती ११,४३,००० राहतात. म्हणजे ३२,००० देणारा गिऱ्हाईक खरोखर असेल, तर मालकाने थांबणेच फायद्याचे आहे आणि ‘गाळा रिकामा पडेल’ ही भीती दाखवून काही होणार नाही. पण रस्त्यावरचा खरा दर २८,५०० आणि पाच टक्के वाढ असा असेल, तर चित्र उलटते. फक्त एक महिना रिकामा आणि एक महिन्याची दलाली धरली तरी मालकाच्या हाती सुमारे १०,२१,००० उरतात. दुकानदाराने याच्या वरचा कोणताही आकडा देऊ केला, तर तो मालकालाही परवडतो. त्यामुळे उत्तराचा सारा भार बाजारभाव सिद्ध करण्यावर असावा. दुकानदाराचे उत्पन्न, महागाई, कोविडातले नुकसान या गोष्टी मेलमध्ये लिहून मालकाचा आकडा सहसा हलत नाही.

असा मेल साधारण पुढीलप्रमाणे असतो.

‘विषय: गाळा क्र. ४, कराराचे नूतनीकरण (मुदत ३१ मार्च).
आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. आपला ८ डिसेंबरचा मेल मिळाला. याच रस्त्यावर या वर्षी दिलेल्या तीन गाळ्यांचे भाडे कार्पेटवर ११५ ते १३० रुपये आहे, तपशील सोबत जोडला आहे. त्या आधारे माझा प्रस्ताव असा: मुदत ३६ महिने, भाडे २६,५०० आणि दरवर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट सव्वा लाख, मेंटेनन्स व मिळकतकर पूर्वीप्रमाणे आपल्याकडे. शटरची दुरुस्ती मी माझ्या खर्चाने करून घेईन. हा प्रस्ताव चर्चेसाठी आहे. लेखी करारावर सह्या होऊन त्याची नोंदणी झाल्यावरच तो दोघांवर बंधनकारक होईल. आपले उत्तर ३१ डिसेंबरपर्यंत मिळाले तर बरे होईल.’

या मेलमधली दोन वाक्ये जपून ठेवण्यासारखी आहेत. पहिले बंधनकारकतेचे. करार ईमेलवरूनही होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०-अ कलमात तसे म्हटले आहे आणि ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेलमधून ठरलेला व्यापारी करार ग्राह्य धरला. त्यामुळे ‘मान्य आहे’ एवढे उत्तरही वादाचे मूळ होऊ शकते. बोलणी चालू असताना प्रत्येक प्रस्तावात हे वाक्य असले, की कोणी अर्ध्या बोलण्यावर बोट ठेवू शकत नाही. दुसरे वाक्य तारखेचे. उत्तराला तारीख नसेल तर मेल पडून राहतो आणि तो काळ दुकानदाराच्या विरुद्ध मोजला जातो.

मेलमध्ये जे लिहू नये तेही तितकेच महत्त्वाचे. ‘नाही जमले तर आम्ही ३१ मार्चला जागा सोडू’ हे वाक्य दबाव म्हणून लिहिले जाते आणि पुढे जागा सोडण्याची कबुली म्हणून दाखवले जाते. ज्याला जागा सोडायची नाही त्याने ते लिहू नये.

मालकाचे उत्तर आले की मुद्दे सुटे करावे लागतात. ‘ठीक आहे, पण भाडे तीसच्या खाली नाही’ यातले ‘ठीक आहे’ कशाला उद्देशून आहे? मुदतीला, डिपॉझिटला, की मेंटेनन्सला? पुढच्या मेलमध्ये प्रत्येक मुद्द्यासमोर ‘ठरले’ किंवा ‘बाकी’ असे लिहून तेच पत्रक दोघांमध्ये फिरवत ठेवले, तर शेवटी फक्त एक-दोन आकडे उरतात. नवा विषय काढून प्रत्येक वेळी वेगळा मेल पाठवण्यापेक्षा त्याच मेलला उत्तर देत राहावे, म्हणजे साखळी तुटत नाही.

शेवटी उरलेला आकडा हलवायला दुकानदाराकडे एक चांगली गोष्ट असते: लॉक-इन. लॉक-इन म्हणजे ठरलेल्या काळात जागा सोडता येणार नाही किंवा सोडायला लावता येणार नाही ही अट. अनेक छापील करारांत ती फक्त दुकानदारावर असते आणि मालकाला मात्र एक-दोन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवता येतो. अशा करारात तीन वर्षांची मुदत नावापुरतीच असते. दीड-दोन लाखांचे फर्निचर आणि मशीन बसवलेल्या दुकानदाराला मालकाचे पूर्ण ३६ महिन्यांचे लॉक-इन हजार रुपयांच्या जादा भाड्यापेक्षा मोलाचे आहे. मालकालाही ते द्यायला फारसे काही लागत नाही. लॉक-इनच्या काळात भाडे थकवले तर मालकाला करार संपवता येईल, एवढा अपवाद मात्र न्याय्य आहे. या उदाहरणात बोलणी अशी मिटू शकतात: भाडे २८,०००, वाढ सहा टक्के, मालकाचे लॉक-इन ३६ महिने, दुकानदाराचे बारा महिने आणि त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस, डिपॉझिट दीड लाख. तीन वर्षांचे भाडे सुमारे १०,६९,७०० होते. मालकाच्या पहिल्या मागणीपेक्षा ते दोन लाखांनी कमी आहे आणि नवा भाडेकरू शोधून मालकाला जे मिळाले असते त्यापेक्षा जास्त आहे.

आकडा ठरताना ‘जीएसटी धरून की वेगळा’ हा शब्द राहून गेला तर सगळा हिशेब विस्कटतो. दुकानाच्या भाड्यावर जीएसटी १८ टक्के आहे. २८,००० वर ५,०४० रुपये. मालक नोंदणीकृत असेल तर तो बिलात लावतो. दुकानदार जीएसटीचा नेहमीचा करदाता असेल तर त्याला सहसा त्याचे क्रेडिट मिळते, पण तो नोंदणीकृत नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असेल तर तो सरळ खर्चच. मालक नोंदणीकृत नसेल तर प्रश्न मिटला असे अनेकांना वाटते. १० ऑक्टोबर २०२४ पासून तसे नाही. मालकाची नोंदणी नाही आणि दुकानदाराची आहे, अशा वेळी दुकानदारानेच तो कर सरकारकडे भरायचा आहे. कंपोझिशनवाल्यांना यातून नंतर, जानेवारी २०२५ मध्ये वगळले गेले. मिळकतकर आणि मेंटेनन्स कोणाकडे, हेही नावानिशी लिहावे. ‘बाकी सर्व खर्च भाडेकरूकडे’ असे मोघम वाक्य पुढे सोसायटीच्या रंगकामाच्या वर्गणीपर्यंत ताणले जाते.

बोलणी लांबली आणि ३१ मार्च उलटून गेला, तर सर्वांत नाजूक काळ सुरू होतो. दुकानदार जुने भाडे भरत राहतो, मालक घेत राहतो आणि दोघांना वाटते की सगळे चालू आहे. कागदोपत्री मात्र परवानगी संपलेली असते. त्याआधीच एका मेलने मुदतवाढ घ्यावी: बोलणी चालू असेपर्यंत, ३० जूनपर्यंत, जुन्याच अटींवर जागा वापरण्यास मालकाची संमती आहे आणि नवे भाडे कोणत्या तारखेपासून लागू होईल. हा मेल म्हणजे तात्पुरती डागडुजी आहे, कराराची जागा तो घेत नाही. उलट याच काळात दुकानदाराने गुपचूप वाढीव रक्कम भरायला सुरुवात केली, तर ती वाढ त्याला मान्य होती असे म्हणायला मालक मोकळा होतो. रक्कम भरताना ती कशापोटी आहे ते मेलमध्ये लिहावे.

सर्व ठरल्यावर शेवटचा मेल एकच: सगळ्या अटी एकत्र आणि सोबत कराराचा मसुदा. मसुदा बहुधा एजंट किंवा वकील जुन्याच नमुन्यावरून करतो, त्यामुळे ठरलेले लॉक-इन गळून जुने एकतर्फी कलम परत आलेले असते. सही करण्याआधी मसुदा त्या मेलशी ओळीने ताडून पाहावा, कारण सह्या झाल्यावर करारात जे लिहिले आहे तेच चालते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. त्याच कलमात असेही आहे की नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाईल, मात्र उलट सिद्ध होईपर्यंत. उलट सिद्ध करायला मालक काय काढणार? हेच मेल. म्हणून ते दोघांनीही मूळ खात्यात जपून ठेवावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार मेलची छापील प्रत न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

खर्च त्या मानाने किरकोळ असतो. पाच वर्षांपर्यंतच्या लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते मोजताना मुदतीचे एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज एकत्र घेतात. या उदाहरणात १०,६९,७०० अधिक दीड लाखावरचे तीन वर्षांचे ४५,०००, म्हणजे सुमारे ११,१४,७०० वर पाव टक्का. २,८०० रुपयांच्या आत. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. हा खर्च कोणी करायचा तेही शेवटच्या मेलमध्येच लिहून घ्यावे. जुने एक लाखाचे डिपॉझिट नव्या करारात वर्ग झाल्याचेही, ते मूळ ज्या चेकने दिले त्याचा क्रमांक आणि तारीख यांसह, करारात आले पाहिजे. नाहीतर नव्या करारात दिसतात फक्त वरचे पन्नास हजार, आणि जागा सोडताना परत मागता येतात तेवढेच.